परभणीचा भाव मनमाडात ठरतो

2018 साली आणि पुन्हा 2021 साली राज्यात सर्वांत महाग पेट्रोल कुठे, या प्रश्नाचे उत्तर बातम्यांत एकच येत होते: परभणी. मुंबई नाही, पुणे नाही. मुंबईत तेव्हा कर एक टक्का जास्त होता, तरीही भाव परभणीचाच वर. मी मूळचा परभणीचा असल्यामुळे ही बातमी आली की पुण्यातले मित्र मलाच विचारायचे, जणू काही टाकी आमच्या अंगणात आहे. यंदा गावी गेलो तेव्हा ठरवले की हे एकदा समजूनच घ्यायचे. वसमत रस्त्याकडच्या एका पंपावर वीस-बावीस वर्षे मॅनेजर असलेले गृहस्थ ओळखीचे आहेत. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. सकाळी साडेसहाला बोलावले होते. मी पोचलो तेव्हा टँकर नुकताच लागला होता आणि ते हातात पितळी डीपरॉड घेऊन टाकीच्या झाकणापाशी उकिडवे बसले होते.

सकाळी इतक्या लवकर भाव बदलून झालेसुद्धा?

सहाला. पण मी बदलत नाही, सर. लोकांचा मोठा गैरसमज आहे की मालक सकाळी येतो, आकडा फिरवतो आणि गल्ल्यावर बसतो. कंपनीच्या सर्व्हरवरून रेट येतो आणि थेट मशीनमध्ये बसतो. मी तो फक्त बोर्डावर लिहितो. 2017 च्या जूनआधी पंधरवड्याने, एक तारखेला आणि सोळा तारखेला बदल व्हायचा. 16 जून 2017 पासून रोजचा नियम झाला. गंमत अशी, की नियम रोजचा असला तरी एप्रिल 2022 नंतर कित्येक महिने आकडा जागचा हलला नव्हता. मध्ये कर कमी झाला तेवढाच काय तो फरक, मग एकदम मार्च 2024 मध्ये दोन रुपये उतरले. बोर्ड पुसायचा फडका कोरडा पडला होता.

मग मालकाच्या हातात काय असते?

कमिशन. पेट्रोलला लिटरमागे साधारण चार रुपये, डिझेलला तीन. ऑक्टोबर 2024 च्या शेवटी ते थोडे वाढले. त्यातून पोरांचे पगार, वीज, कार्डाचा खर्च आणि उडून जाणारा माल भागवायचा. आणि भाव उतरला की टाकीतल्या मालाचा तोटा आमचाच. 2021 ची दिवाळी आठवते? लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, 4 नोव्हेंबरला, केंद्राने पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर दहा रुपये शुल्क कमी केले. आदल्या दिवशी मी जास्त विक्रीच्या हिशेबाने डिझेलची गाडी मागवून ठेवलेली. टाकीत चौदा हजार लिटर होते. नुसते दहा रुपये धरले तरी एक लाख चाळीस हजार, वर त्याच्यावरचा राज्याचा कर. गिऱ्हाईक पेढे देत होते आणि मालक माझ्याकडे बघत होते.

(डीपरॉड वर आला. त्यांनी ओल्या रेघेवर अंगठा धरला, आकडा वहीत टिपला, आणि टँकरच्या ड्रायव्हरला झडप उघडायची खूण केली.)

मुळाशी येऊ. परभणीत पेट्रोल महाग का?

हा टँकर बघा. हा मनमाडहून आला. मनमाडजवळ पानेवाडीला डेपो आहे. मुंबईच्या माहुलच्या रिफायनरीतून तिथपर्यंत माल जमिनीखालच्या पाइपातून येतो. पाइपातून माल आणणे फार स्वस्त पडते. तिथून पुढे मात्र चाकांवर. मनमाड ते परभणी तीनशे किलोमीटरच्या वर. आणि भाडे एका बाजूचे नसते, गाडी रिकामी परत जाते ना, तिचेही द्यावे लागते. येऊन-जाऊन साडेसहाशे किलोमीटर धरा.

लिटरवर किती बसते ते?

चला, कागदावर करू. हे आकडे समजायला सोपे म्हणून धरतो आहे, कंपनीच्या करारातला दर वेगळा असतो. गाडीत वीस हजार लिटर. किलोमीटरला साठ रुपये भाडे. साडेसहाशे गुणिले साठ म्हणजे एकोणचाळीस हजार. भागिले वीस हजार. लिटरमागे एक रुपया पंच्याण्णव पैसे.

आता मजा बघा. राज्याचा कर टक्क्यांत आहे. आपल्याकडे पेट्रोलला 25 टक्के आणि वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे. ते पाच बारा सगळीकडे सारखे, ते सोडा. पण भाडे मूळ किमतीत मिसळले की पंचवीस टक्के त्या भाड्यावरही लागतात. एक पंच्याण्णववर एकोणपन्नास पैसे. झाले दोन रुपये चव्वेचाळीस. आता डेपोपासून तीस किलोमीटरवरचा नाशिककडचा एक पंप घ्या. येऊन-जाऊन साठ किलोमीटर, तीन हजार सहाशे रुपये भाडे, लिटरला अठरा पैसे, कर धरून साडेबावीस. दोघांतला फरक दोन रुपये वीस पैशांच्या आसपास. तीच कंपनी, तोच डेपो, तीच पाइपलाइन. आम्ही लांब आहोत एवढाच आमचा गुन्हा.

मुंबईत तर कर जास्त होता म्हणता.

होता. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत पेट्रोलला 26 टक्के आणि डिझेलला 24 टक्के. आम्हाला डिझेलला 21. जुलै 2024 पासून राज्याने मुंबईचा दर खाली आणून बाकी राज्याइतका केला, तेव्हा तिकडे पेट्रोल पासष्ट पैशांनी आणि डिझेल दोन रुपयांहून जास्त उतरले. त्याआधीसुद्धा मुंबईचा जादा कर आमच्या रस्त्यापुढे कमीच पडायचा. रिफायनरी तिथेच, भाडे नगण्य.

आणि सीमेपलीकडे?

ते सगळे राज्याच्या कराचे. अंतर दोन-अडीच रुपये हलवते, कर पाच-सहा रुपये सहज हलवतो. देगलूरकडून तेलंगणात गेलात की भाव चढतो, त्यांचा कर पेट्रोलला 35 टक्क्यांवर आहे. म्हणून तिकडच्या गाड्या इकडे टाकी भरून जातात. कर्नाटकात डिझेल बरीच वर्षे स्वस्त होते, म्हणून आमच्याकडचे ट्रक निपाणीच्या पुढे जाऊन भरायचे. कर्नाटकाने 2024 च्या जूनमध्ये आणि पुन्हा 2025 च्या एप्रिलमध्ये डिझेलचा कर वाढवला, तेव्हा ते सुख आटले. सीमेवरचे पंप बघा, कोणत्या बाजूला गाड्यांची रांग आहे त्यावरून त्या वर्षीचा कर सांगता येतो.

पण परभणीतल्या परभणीतच दोन पंपांत पैशांचा फरक दिसतो.

तीन सरकारी कंपन्या आहेत. प्रत्येकीचा डेपो, प्रत्येक पंपाचे तिथून मोजलेले अंतर वेगळे. शहराच्या या टोकाला आणि त्या टोकाला दहा-वीस पैसे इकडेतिकडे होतात. खासगी कंपन्यांचे पंप स्वतःचा हिशेब लावतात. 2022 मध्ये कच्चे तेल महागले आणि सरकारी कंपन्यांनी भाव धरून ठेवले, तेव्हा खासगीवाले कुठे महाग विकत होते, कुठे कमी विकत होते. गिऱ्हाईक सगळे आमच्याकडे. तेव्हा दोन पंपांतला फरक पैशांचा नव्हता, रुपयांचा होता.

म्हणजे माल वेगळा, म्हणून भाव वेगळा, असे नाही?

(ते हसले.) सर, माल एकच असतो बऱ्याचदा. एका कंपनीच्या डेपोतून दुसऱ्या कंपनीच्या गाड्या भरतात. याला धंद्यात 'हॉस्पिटॅलिटी' म्हणतात. पाहुणचार! जिथे मला डेपो नाही तिथे मी तुझ्याकडून भरतो, जिथे तुला नाही तिथे तू माझ्याकडून. मोटारसायकलवाला येऊन सांगतो की त्या कंपनीचे पेट्रोल खायला चांगले. मी मान डोलावतो. फरक असतो तो ज्यादा पैशांच्या, वेगळ्या नावाच्या पेट्रोलात. त्यात इंजिनची जाळी-नळी स्वच्छ ठेवणारे रसायन मिसळतात, काहींत ऑक्टेन वाढवतात. महाग पडते ते त्यामुळे, आणि अशा नावाच्या मालावर केंद्राचे शुल्कही साध्या मालापेक्षा थोडे जास्त आहे. साध्या गाडीला त्याची गरज नाही. पुस्तिकेत 91 ऑक्टेन लिहिलेल्या इंजिनाला 95 घातले म्हणून ते पळायला लागत नाही.

इथेनॉलचे काय? तिथे तरी पंपापंपांत फरक पडतो ना?

तो खरा फरक. आणि तोही पंपावर नाही, डेपोच्या फाटकावर होतो. पाइपातून येते ते शुद्ध पेट्रोल. इथेनॉल पाइपात घालत नाहीत, कारण पाइपात कुठे ना कुठे थोडे पाणी असतेच आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. मग ते साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून वेगळ्या टँकरने डेपोत येते आणि आमची गाडी भरताना पेट्रोलमध्ये सोडतात. आता त्या डेपोत त्या आठवड्यात इथेनॉल कमी आले, तर? 2023 ते 2025 या काळात हेच होत होते. फेब्रुवारी 2023 मध्ये वीस टक्केवाले सुरू झाले ते देशभरात थोड्याच पंपांवर, नंतर हळूहळू पसरले. म्हणून एका रस्त्याच्या दोन पंपांवर एकीकडे दहा टक्के, एकीकडे वीस. आता बहुतेक साध्या पेट्रोलात वीसच आहे, तेव्हा तो गोंधळ मिटला. पण गिऱ्हाइकांच्या मनात 'तो पंप मायलेज देतो' हे त्या दिवसांतले राहिले आहे.

ते अगदीच खोटे आहे का?

नाही. एक लिटर पेट्रोलात जेवढी ऊर्जा असते, त्याच्या दोन तृतीयांश एक लिटर इथेनॉलात असते. म्हणजे वीस टक्के इथेनॉल घातले की शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी, दहा टक्के घातले तर तीन-साडेतीन टक्के कमी. दहावाल्या पंपावरून वीसवाल्या पंपावर गेलात तर साडेतीन टक्क्यांच्या आसपास फरक. अठराचा मायलेज देणारी गाडी साडेसतराच्या खाली जाईल. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातही जुन्या, इथेनॉलसाठी न बनवलेल्या चारचाकीला सहा-सात टक्के, दुचाकीला तीन-चार टक्के आणि मुळात दहा टक्क्यांसाठी बनवून वीसला जुळवलेल्या चारचाकीला एक-दोन टक्के घट सांगितली आहे. यापेक्षा जास्त म्हणणारा माणूस टायरमध्ये हवा किती आहे ते बघत नाही.

मग वीस टक्के कारखान्याचा माल घालून भाव का उतरत नाही?

कारण कारखान्याचा माल स्वस्त नाही. 2024-25 च्या हंगामात मक्यापासूनच्या इथेनॉलला लिटरला 71 रुपये 86 पैसे दर ठरवला होता, उसाच्या रसापासूनच्याला 65 रुपये 61 पैसे. रिफायनरीतून कर न लागता बाहेर पडणारे पेट्रोल त्याहून कमी पडत होते. परदेशी तेल कमी आणायचे, शेतकऱ्याच्या उसाला-मक्याला गिऱ्हाईक द्यायचे, यासाठी ती योजना. बोर्डावरचा आकडा कमी करायला ती आलेलीच नाही.

इथे मला शंका आली, की या पेट्रोलात खरेच वीस टक्के इथेनॉल आहे का. त्यांनी ती तोंडून निघायच्या आधीच ओळखली. ऑफिसातून शंभर मिलिलिटरची काचेची नळी आणली. नोझलमधून ऐंशीच्या रेघेपर्यंत पेट्रोल भरले, वर वीस मिलिलिटर पाणी घातले. बूच लावून जोरात हलवले आणि टेबलावर ठेवले. दोनेक मिनिटांत खाली पांढुरका थर, वर पिवळट थर. मी म्हणालो, खालचा थर वीस असायला हवा. ते म्हणाले, रेघ बघा. छत्तीसच्या जवळ होती. ऐंशी मिलिलिटर पेट्रोलात जे सोळा मिलिलिटर इथेनॉल होते, ते पेट्रोलला सोडून पाण्याकडे गेले होते. सोळा भागिले ऐंशी, वीस टक्के. रेघ एखाद-दोन मिलिलिटर इकडेतिकडे होते, इतके चालते. पण रेघ अठ्ठावीसवर थांबली तर समजायचे की दहाच टक्के आहे. पंचेचाळीसवर गेली तर तुमच्या पंपाला वेगळेच काही झाले आहे.

म्हणजे काय झाले आहे?

पाणी. माझी सगळी भीती पाण्याची आहे. भाव कंपनी बघते, मिश्रण डेपो बघतो, पाणी मात्र मलाच बघावे लागते. पावसाळ्यात झाकणाचा रबर सडतो, डीपच्या नळीचे टोपण कुणी घट्ट लावत नाही, आणि पंपाच्या पेव्हरवरून वाहणारे पाणी थेंबाथेंबाने आत जाते. इथेनॉल नव्हते तेव्हा पाणी सरळ तळाशी बसायचे. मशीन तळापासून थोड्या वरून माल ओढते, त्यामुळे दहा-वीस लिटर पाणी तळाशी असले तरी गिऱ्हाइकाला कळायचेही नाही, आणि डीपरॉडला पाणी दाखवणारी पेस्ट लावली की रंग बदलून ते लगेच उघडे पडायचे. आता तसे नाही. आधी ते पाणी इथेनॉलात विरघळते, दिसत नाही. दहा टक्केवाल्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास पाणी मावते, वीसवाल्यात थोडे अधिक. ती मर्यादा ओलांडली किंवा रात्री गारवा पडला, की सगळे एकदम फुटते. आणि फुटले की पाणी एकटे खाली जात नाही, इथेनॉलला घेऊन जाते. आमची टाकी पंधरा हजार लिटरची. त्यात तीन हजार लिटर इथेनॉल. शे-दीडशे लिटर पाण्याने सुरू झालेला थर हजार-दोन हजार लिटरचा होतो. मशीन मग तोच ओढते. गाडी पंपावरून सुरू होते, अर्ध्या किलोमीटरवर आचके देत थांबते. अशा वेळी जुन्या पेस्टवर भागत नाही, इथेनॉलवाल्या पेट्रोलसाठी वेगळी पेस्ट येते, ती वापरायची.

तुमच्याकडे असे झाले का कधी?

एकदा. पंप दोन दिवस बंद ठेवला, टाकी रिकामी केली, सतरा गाड्यांच्या टाक्या धुऊन दिल्या. मालकांनी पैसे दिले, मी शिव्या खाल्ल्या. त्यानंतर जून ते सप्टेंबर मी दिवसातून दोनदा डीप घेतो, आणि झाकणांभोवती मातीचा उंचवटा करून घेतला आहे. टोपण लावले का, हे आता मी पोरांना विचारत नाही. जाऊन बघतो.

मला, म्हणजे गिऱ्हाइकाला, काय करता येईल?

चार गोष्टी मागता येतात आणि द्याव्याच लागतात. डेन्सिटी, फिल्टर पेपर, पाच लिटरचे माप आणि तक्रारीचे पुस्तक. डेन्सिटीचे नीट समजून घ्या. मालाबरोबर आलेल्या चलनावर 15 अंश सेल्सिअसला घनता किती, ते छापलेले असते. पंपावर तापमान 34 असले तर तरंगणाऱ्या काटीचा आकडा थेट त्याच्याशी जुळणार नाही. तक्त्यावरून 15 अंशांवर आणायचा. तो चलनाच्या आकड्यापासून घनमीटरला तीन किलोच्या आत असावा. तीनच्या बाहेर गेला तर मालात काहीतरी मिसळले आहे, किंवा एका टाकीत दुसरा माल गेला आहे. आमचा रोजचा आकडा सकाळी रजिस्टरमध्ये असतो, बोर्डावरही लिहितो. सकाळी लवकर भरले की जास्त पेट्रोल मिळते, हे मात्र सोडून द्या. टाकी जमिनीखाली आहे, तिथले तापमान दिवसभरात नावापुरते हलते.

आणि फिल्टर पेपर?

पेट्रोलचा एक थेंब टाका, उडू द्या. डाग राहिला तर रॉकेल, डिझेल असले जड काहीतरी आहे. अर्ध्या मिनिटाचे काम. पण इथेनॉल किंवा पाणी यात दिसत नाही. त्यासाठी ती काचेची नळी.

टँकर रिकामा झाला होता. त्यांनी खालची झडप उघडून उरलेले पेट्रोल बादलीत काढले, ते टाकीत ओतले आणि पुन्हा डीप घेतला. आधीचा आकडा, नंतरचा आकडा, चलनावरचा आकडा. तिन्हींचा हिशेब झाला तेव्हा चौदा लिटर कमी भरले. मी विचारले, वाटेत चोरी? ते म्हणाले, ऊन. मनमाडला भरताना माल तापलेला होता, परभणीला पोचेपर्यंत गार झाला, थोडा आकसला. एवढ्या मालात चौदा हे त्यांच्या मते काहीच नव्हे. शंभर झाले असते तर ड्रायव्हरशी बोललो असतो, म्हणाले.

निघताना मी पाच लिटरचे माप मागितले, खरे तर परीक्षा म्हणून. ते ऑफिसच्या कोपऱ्यात, खुर्चीमागे, फडक्याने झाकलेले होते. वैधमापन खात्याचा शिक्का त्यावर होता. पाच लिटर टाकले, मानेवरच्या खुणेपाशी आले, पंचवीस मिलिलिटर वर-खाली चालते, इथे सातच कमी होते. बावीस वर्षांत किती लोकांनी हे माप मागितले, असे विचारले. त्यांनी एका हाताची बोटे मोजली आणि थांबले. तुमच्या पंपावरही ते कुठल्या तरी खुर्चीमागे असेल. मागा.